पात्रांना मनातलं बोलू देऊ नका

हौशी नाट्यस्पर्धेचे दिवस जवळ आले की नाशिकमध्ये जागोजागी तालमी सुरू होतात. त्यांतल्या नव्या संहितांमध्ये घरातल्या घरात घडणारी वास्तववादी नाटकं पुष्कळ असतात. दिवाणखाना, अंथरुणाला खिळलेले वडील, बाहेरगावाहून आलेला मुलगा आणि मध्ये अडकलेली जमीन किंवा घर. नेपथ्य मन लावून केलेलं असतं. चहाला खरी वाफ असते, भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिनासुद्धा बरोबर असतो. आणि मग शेवटच्या वीसेक मिनिटांत एकेक पात्र मंचाच्या मध्यावर येऊन आपल्या मनात काय आहे ते स्वच्छ सांगून टाकतं. ‘बाबा, तुम्ही मला कधी समजूनच घेतलं नाही.’ ‘मला तुमची इस्टेट नको होती, तुमचे दोन शब्द हवे होते.’ टाळ्या पडतात, पडदा पडतो.

या टाळ्या नाटकाला फार महाग पडतात, असं माझं ठाम मत आहे. दीड तास उभं केलेलं घर त्या वीस मिनिटांत मोडतं आणि त्याच्या जागी भाषण उरतं. संहिता निवडणाऱ्यांनी, दिग्दर्शकांनी आणि परीक्षकांनी या खुलाशाच्या प्रवेशाला बक्षीस देणं थांबवावं. वास्तववादी नाटकाचं मोजमाप पात्रं काय बोलतात यापेक्षा काय बोलायचं टाळतात आणि ते टाळणं किती नेमकं लिहिलंय, यावरून व्हावं.

यामागचं कारण या नाट्यप्रकाराच्या मुळातच आहे. प्रेक्षकांच्या बाजूची चौथी भिंत काढलेली आहे, पण ती काढली आहे हे आतल्या माणसांना ठाऊक नाही, ही या नाटकाची पहिली अट. आपल्याला कोणी पाहत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना खुलासा करण्याची गरजच काय? ज्या भावाला सगळी हकिगत माहीत आहे, त्याला बहीण ती पुन्हा कशाला सांगेल? स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गने 1888 साली आपल्या ‘मिस ज्युली’च्या प्रस्तावनेत हाच मुद्दा मांडला होता. एकाने नेमका प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्याने नेमकं उत्तर द्यायचं, ही संवादाची आखीव घडण त्याने मुद्दाम टाळली. खऱ्या बोलण्यात कुठलाच विषय तळापर्यंत जात नाही, धागे सुटतात आणि पुन्हा हाती येतात, अशी त्याची भूमिका होती.

आपल्याकडे ही अट पाळणं जरा जड जातं, आणि त्याला कारणही मोठं आहे. नाशिक हे शिरवाडकरांचं आणि कानेटकरांचं गाव. ‘नटसम्राट’मधला अप्पासाहेब मनातलं सगळं बोलतो आणि ते बोलणं हेच त्या नाटकाचं वैभव आहे. पण तो नट आहे. आयुष्यभर शेक्सपिअर बोललेल्या माणसाच्या दुःखाला स्वगताचीच वाट सापडणार. 1970 सालापासून ती स्वगतं नटांच्या पाठीशी उभी आहेत, आणि तोच कान घेऊन आपण निफाडच्या शेतकऱ्याचं घर लिहायला बसतो. मग द्राक्षबागायतदारही अप्पासाहेबांच्या लयीत बोलू लागतो. यात दोष ‘नटसम्राट’चा नाही, चुकीच्या घरात आणून ठेवलेल्या वक्तृत्वाचा आहे.

टाळणं कसं लिहितात याचा उत्तम धडा चेखॉव्हच्या ‘द चेरी ऑर्चर्ड’च्या चौथ्या अंकात आहे. नाटक 1904 साली मॉस्को आर्ट थिएटरने रंगमंचावर आणलं. घर विकलं गेलंय, सामान बांधून झालंय, गाडीची वेळ होत आलीय. घर विकत घेणारा लोपाखिन आणि या घराचा कारभार सांभाळणारी मानलेली मुलगी वार्या यांचं लग्न होणार, असं सगळे कधीपासून धरून चाललेत. घराची मालकीण लोपाखिनला स्पष्टच विचारते. तो म्हणतो, ‘तयार आहे, आत्ताच उरकून टाकू.’ ती वार्याला आत पाठवते आणि दोघांना एकटं सोडते.

आत आलेली वार्या सामानात काहीतरी शोधू लागते. लोपाखिन विचारतो, काय शोधतेस? ती म्हणते, मीच ठेवलंय आणि मलाच आठवत नाही. मग तो विचारतो, आता तू कुठे जाणार? ती सांगते की अमुक घरी कारभारीण म्हणून राहणार आहे. तो म्हणतो, म्हणजे सत्तरेक व्हर्स्ट लांब. मग संपलंच म्हणायचं या घरातलं आयुष्य. मी आता खारकॉव्हला निघालोय. गेल्या वर्षी या सुमाराला बर्फ पडत होता, यंदा ऊन आहे, पण थंडी आहे, शून्याखाली तीन अंश. वार्या म्हणते, मी पाहिलं नाही. थोडं थांबून पुढे म्हणते, तसाही आमचा थर्मामीटर मोडलाय. पुन्हा शांतता. बाहेरून कोणीतरी लोपाखिनला हाक मारतं. त्या हाकेची कधीपासून वाट पाहत असल्यासारखा तो ‘आलोच’ म्हणतो आणि झपकन निघून जातो. वार्या जमिनीवर बसते, गाठोड्यावर डोकं टेकवते आणि हुंदके देते.

लग्न हा शब्द या प्रवेशात एकदाही येत नाही. तरी प्रेक्षकाला सगळं समजतं, कारण लेखकाने आधी तीन गोष्टी करून ठेवल्या आहेत. हा प्रवेश कशासाठी आहे हे तो सुरू होण्याआधीच प्रेक्षकाला दुसऱ्या पात्राकडून कळलेलं आहे. दोघांच्या हाताला किंवा तोंडाला काहीतरी काम दिलं आहे, तिला सामान आणि त्याला हवामान. आणि वर गाडीची वेळ टांगलेली आहे, त्यामुळे ही मिनिटं वाया गेली की परत मिळायची नाहीत. या तिन्हींतलं एक जरी काढलं तरी तोच संवाद हवापाण्याच्या गप्पांवर येतो. आपल्याकडे चेखॉव्हची नक्कल फसते ती इथेच. हवामान उचललं जातं आणि त्याच्या आधीची तयारी मागे राहते.

आता हेच तंत्र आपल्या मातीत चालवून पाहू. भाऊबीज आहे. निफाड तालुक्यातला विलास नाशिकला, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बहिणीकडे आलाय. वडील वारल्यावर वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर सुमनचंही नाव लागलं. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, हे कायद्याने 2005 साली देशभरासाठी पक्कं केलं. महाराष्ट्राने तर त्याच्या आधी, 1994 सालीच तशी दुरुस्ती केली होती. विलासला बहिणीकडून हक्कसोडपत्र हवंय. त्यासाठी तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात स्वतः येऊन सही आणि अंगठा द्यावा लागेल. पहिल्या खर्ड्यात हा प्रवेश साधारण असा उतरतो.

विलास : सुमन, जमिनीवर तुझं नाव लागलंय. बँकेचं कर्ज नवं करायचं तर मला अडचण येते. तू हक्कसोड करून दे.

सुमन : म्हणजे भाऊबीजेला आलास तो जमिनीसाठी? नातं एवढंच राहिलं का रे आपलं?

विलास : मी एकट्याने राबलो त्या बागेत. तुला शहरात बसून काय कळणार?

यातलं एकही वाक्य खोटं नाही. अडचण ही की तीन संवादांत प्रवेश संपला. दोघांनी आपापली बाजू मांडली, आता ते फक्त आवाज चढवू शकतात. शिवाय जो भाऊ बहिणीकडे असं सरळ मागू शकतो, त्याला भाऊबीजेची वाट पाहायची गरजच नव्हती. फोनवर भागलं असतं. तो सणाला आलाय याचा अर्थच असा की त्याला सरळ मागता येत नाही. तेव्हा प्रवेश असा लिहून पाहावा.

विलास : दाजी उशिरा येणारेत का?

सुमन : सातपर्यंत येतील. का रे?

विलास : सहज. परवा पाऊस झाला का इकडे?

सुमन : नाही.

विलास : आपल्याकडे झाला. घड बाहेर पडायला आणि पाऊस यायला एकच गाठ. रोज फवारणी चाललीय.

सुमन : पाटावर बस. ऊन उतरायच्या आत ओवाळून घेते.

(ती ओवाळते. तो ताटात साडीचं खोकं ठेवतो. ती झाकण उचलून पाहते.)

सुमन : येवल्याची?

विलास : वहिनीने निवडली तुझ्या.

सुमन : दरवर्षी साधी असते.

विलास : म्हटलं, एकदा चांगली घेऊ.

(ती झाकण लावते. साडी बाहेर काढत नाही.)

सुमन : चहात साखर चालते ना?

विलास : कमी. सुमे, तुझं आधार कुठं असतं?

सुमन : का रे?

विलास : अपडेट करावं लागतं म्हणे सगळ्यांना.

सुमन : यांच्या कपाटात असतं. किल्ली यांच्याकडे.

विलास : हं.

सुमन : विहिरीकडचं जांभूळ आहे का अजून?

विलास : आहे. फांद्या तारेवर येतात. तोडायचंय.

सुमन : तोडू नको.

विलास : बरं.

(शांतता.)

सुमन : साडी राहू दे इथं. फॉल-बिडिंगला टाकली की बरेच दिवस जातात. घाई नको.

इथे सुमनने नकार दिला आहे आणि विलासला तो कळला आहे. ‘तोडू नको’ हे तिचं वाक्य जमिनीवर हक्क सांगणारं आहे, आणि ‘बरं’ म्हणताना विलासने तो हक्क नकळत मान्य केला आहे. तरी उद्या दोघंही शपथेवर म्हणू शकतात की जमिनीचा विषयच निघाला नाही. वास्तववादी संवाद जमला की नाही ते इथे तपासता येतं. पात्राला आपलं बोलणं नाकारता आलं पाहिजे. विलासला कोणी विचारलं तर ‘मी फक्त आधारचं विचारलं’ असं तो सांगू शकतो. ज्या वाक्यातून पात्राला माघार घेता येत नाही, ते वाक्य लेखकाने फार जपून, उशिरा आणि एखाद्याच वेळी वापरावं.

टाळण्याला किंमत असावी लागते, आणि बहुतेक संहिता इथे कच्च्या राहतात. पात्र गप्प का आहे, या प्रश्नाला ‘तो अबोल आहे’ हे उत्तर चालत नाही. बोललं तर त्याचं काय जाईल हे लेखकाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. विलासने तोंडाने मागितलं तर सणाला बहिणीकडे येणारा भाऊ म्हणून त्याची जी जागा आहे ती जाईल. सुमनने तोंडाने नकार दिला तर तिचं माहेर तुटेल, आणि हो म्हटलं तर घरात नवऱ्यासमोर बोलायची सोय राहणार नाही. किल्ली ‘यांच्याकडे’ आहे हे ती सांगते तेव्हा ती नवऱ्याची ढाल करते. ते खरं आहे की नाही, हे प्रेक्षकाला कळायची गरज नाही. नटीला मात्र कळायला हवं. तिने तालमीतच ठरवावं की किल्ली खरोखर कुठे आहे. समजा, ती तिच्याच कमरेला आहे. मग त्या वाक्यावर हात कुठे जाऊ नये हे तिला आपोआप कळेल.

आता प्रेक्षकाच्या हाती काय द्यायचं ते पाहू. वरचा प्रवेश जसाच्या तसा नाटकाच्या सुरुवातीला ठेवला तर तो कोणालाही कळणार नाही. सातबाऱ्याची बातमी आधी पेरावी लागते, आणि ती ज्याला काही लपवायचं नाही अशाच तोंडी घालावी लागते. विलास यायच्या दहाएक मिनिटं आधी सुमनचा मुलगा मोबाइलवर सातबारा उघडून म्हणतो, ‘आई, तुझं नाव लागलंय की इथं.’ ती म्हणते, ‘फोन ठेव आणि फराळाची ताटं घे.’ एवढं पुरतं. मुलाला बातमीचं वजन माहीत नाही म्हणून तो ती मोकळेपणाने बोलतो. आई उत्तर देत नाही म्हणून प्रेक्षक ती बातमी लक्षात ठेवतो. हीच माहिती सुमन आणि तिचा नवरा एकमेकांना समजावून सांगू लागले की संवाद खोटा वाजतो, कारण दोघांनाही ती आधीच ठाऊक आहे. पेरणी आणि प्रवेश यांच्यात फार अंतरही नसावं. पहिल्या अंकात एकदाच आलेला उल्लेख मध्यंतरानंतर प्रेक्षकाच्या ध्यानात राहीलच असं नाही. मध्ये त्याची एखादी पुसटशी आठवण द्यावी लागते.

दुसरी मदत वस्तूची. न बोललेल्या गोष्टीला मंचावर बसायला जागा लागते, आणि ती जागा शेवटच्या रांगेतून दिसावी लागते. आधार कार्ड तिथून दिसत नाही, साडीचं खोकं दिसतं. म्हणून प्रवेशाचा भार खोक्यावर टाकला आहे. ते उघडतं, बंद होतं आणि जागेवरच राहतं. खोकं गडद रंगाचं घ्यावं, ताट पितळी चकचकीत असावं आणि दोन्ही उजेडात असावीत. खोकं नटाच्या अंगामागे गेलं तर अर्धा प्रवेश गेला. महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या सभागृहात आवाजाचाही प्रश्न येतो. ‘बरं’ किंवा ‘हं’ पुसट झालं तर संवादाचा कणाच जातो, आणि मोठ्याने उच्चारलं तर ती घोषणा होते. उपाय जागेचा आहे. असे प्रवेश मंचाच्या पुढच्या भागात बसवावेत, पात्रं प्रेक्षकांकडे तीन-चतुर्थांश वळलेली ठेवावीत आणि पार्श्वसंगीत पूर्ण बंद ठेवावं. पंख्याचा आवाज, बाहेरची रिक्षा, कुकरची शिट्टी चालेल. सतारीचा एक सूर लागला की दिग्दर्शकाने सबटेक्स्ट, म्हणजे वाक्यांखालचा न बोललेला अर्थ, स्वतःच बोलून टाकलेला असतो.

तालमीत हे कसं बसवायचं? सर्वांत भरवशाची रीत जुनी आहे आणि ती लिखाणापासून सुरू होते. प्रत्येक नटाने आपल्या वहीत दर वाक्याखाली, पात्राच्या मनात त्या क्षणी असलेलं पण तोंडावर न आलेलं वाक्य लिहायचं. ‘दाजी उशिरा येणारेत का’ याखाली विलास लिहील, ‘ते यायच्या आत विषय काढायला हवा.’ ‘दरवर्षी साधी असते’ याखाली सुमन लिहील, ‘यंदा काय मागायला आलास?’ मग एका तालमीत फक्त ही खालची वाक्यं मोठ्याने म्हणायची. त्या दिवशी भांडण होईल, होऊ द्यावं. पुढच्या तालमीत एकेकाने छापील वाक्य बोलून लगेच खालचं वाक्य पुटपुटायचं. त्यानंतर खालची वाक्यं बंद करायची आणि नटांना एकच सूचना द्यायची, समोरच्याला कळू देऊ नका.

ही शेवटची सूचना सगळ्यांत महत्त्वाची आहे, कारण बिघाड बहुतेक इथेच होतो. मनातलं वाक्य सापडलं की नट ते दाखवू लागतो. ‘चहात साखर चालते ना’ हे वाक्य तो इतकं जड करून म्हणतो की जणू साखरेत विष आहे. नजर रोखतो, शब्दाशब्दावर थांबतो. खऱ्या आयुष्यात लपवणारा माणूस याच्या अगदी उलट वागतो. तो जास्त साधा आणि जास्त चटपटीत होतो, हाताला काम शोधतो. सुमनने साखरेचं वाक्य घाईने, उठता उठता, विलासकडे न बघता म्हणायला हवं. नट अर्थ दाखवतोय हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे प्रवेश लांबतो. वरचा प्रवेश ओवाळणीसकट साधारण तीन मिनिटांचा आहे. तो पाच मिनिटांवर गेला तर समजावं की दोघं लपवायचं सोडून सूचित करत बसले आहेत.

शांततेचंही तसंच. संहितेत जागोजागी ‘पॉज’ लिहून किंवा वाक्यामागे तीन टिंबं टाकून खोली येत नाही. शांततेच्या आधी असं काही घडलेलं असावं लागतं की पुढचं वाक्य शोधायला पात्राला वेळ लागेल. वरच्या प्रवेशात लेखी शांतता एकच आहे, ‘बरं’नंतर. तिथे विलासला कळून चुकलं आहे की आज काम होणार नाही, आणि सुमनला कळलं आहे की त्याला कळलंय. नाटकात ही जागा तीन-चार सेकंद सहज पेलते. त्याआधी कुठेही थांबलं तर इथल्या थांबण्याला किंमत राहत नाही.

लिहिण्यातला आणखी एक मोठा दोष म्हणजे रिकामं गूढ. काही संहितांमध्ये पात्रं सतत काहीतरी टाळतात, अर्धी वाक्यं सोडतात, खिडकीतून बाहेर बघतात. लेखकाला विचारलं की ते काय टाळताहेत, तर ‘ते प्रेक्षकांनी ठरवायचं’ असं उत्तर मिळतं. हे मला पटत नाही. प्रेक्षकाने अंदाज बांधायचा आणि लेखकाला माहीत असायला हवं. लोपाखिन मागणी का घालत नाही, याबद्दल नाट्यसमीक्षक अजून वाद घालतात. तो याच मालकांच्या गुलामांच्या कुळातला आहे म्हणून, की त्याचं मन मालकिणीत आहे म्हणून, की त्याला नुसतीच वार्याची भीती वाटते? पण वाद कारणाचा आहे. त्याला काय विचारायचं होतं याबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही. टाळलेली गोष्ट स्पष्ट आणि टाळण्याचं कारण संदिग्ध, असं चालतं. टाळलेली गोष्टच संदिग्ध असेल तर हाती काही लागत नाही.

‘आपल्या प्रेक्षकाला हे कळणार नाही’ असं अनेक जाणते रंगकर्मी सांगतात. त्यांची काळजी खरी आहे, स्पर्धेत एकच प्रयोग मिळतो आणि तो फसला तर वर्षाची मेहनत जाते. पण हा प्रेक्षक कोण आहे ते पाहू. मुलगी बघायला गेलेल्यांकडून ‘पत्रिका बघून कळवतो’ असा निरोप आला की घरातल्या लहान मुलालाही नकार कळतो. उसने पैसे मागायला आलेल्या माणसाला ‘या महिन्यात जरा ओढाताण चाललीय’ असं कोणी न विचारताच सांगितलं जातं आणि तो चहा पिऊन उठतो. सासूने ‘आमच्याकडे आमटीत गूळ घालतात’ म्हटलं की सुनेला काय ऐकायचं ते ऐकू येतं. दिवसभर असंच ऐकणारा माणूस संध्याकाळी तिकीट काढून बसल्यावर अचानक बहिरा होत नाही. त्याला पुरेशी माहिती वेळेवर दिली की तो आपण होऊन पुढे येतो. साडीच्या खोक्याचं झाकण लागताना सभागृहात जी किंचित हालचाल होते, ती प्रेक्षकाने स्वतः जोडलेल्या अर्थाची असते. शेवटी तोच अर्थ पात्राने पुन्हा समजावून सांगितला की त्याने केलेलं काम आपण त्याच्याकडून काढून घेतो.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे आणि त्याचं उत्तर इतकं सोपं नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवलं गेलं, त्यांच्या नाटकात पुन्हा गप्प बसण्याचंच कौतुक करायचं का? दलित रंगभूमीने, स्त्रियांच्या नाटकांनी, पथनाट्यांनी तोंडावर बोलणं हेच कृत्य मानलं, आणि ते बरोबरच होतं. तिथे पात्र प्रेक्षकाकडे वळून बोलतं कारण नाटकाचा करारच तसा आहे, चौथी भिंत तिथे उभी केलेलीच नसते. त्या नाटकांना मी वरची मापं लावणार नाही. माझा आग्रह ज्या नाटकाने खऱ्या वाफेचा चहा आणि बरोबर महिन्याचं कॅलेंडर मांडलं आहे, त्याच्यापुरता आहे.

आणि त्या घरातसुद्धा कोणी कधीच बोलू नये असं नाही. सुमनची बाजू न्यायाची आहे, तिने ती बोलावी असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रश्न कधी आणि कोणाशी, एवढाच आहे. विलासशी ती बोलली तर आपण पहिल्या खर्ड्यावर परत येतो. पण समजा, नवरा सातला घरी आला, खोकं पाहिलं आणि सहज म्हणाला, ‘देऊन टाक ना सही, आपल्याला काय करायचीय शेती?’ आणि ती म्हणाली, ‘मला विचारलं का कोणी?’ हे चार शब्दांचं वाक्य ती चुकीच्या माणसाला बोलली आहे. ज्याने ते ऐकायला हवं होतं तो निफाडच्या वाटेवर आहे. नवऱ्याला त्याचा पूर्ण अर्थही कळत नाही, कारण त्यात तोही आला. अर्ध्या तासाच्या टाळण्याने या वाक्याला जी ताकद मिळते, ती दोन पानी स्वगताला मिळत नाही. स्वगतात ती जास्त बोलली असती आणि कमी मागितलं असतं.

म्हणून संहिता वाचनाच्या बैठकीत एक साधा नियम लावून पाहावा. शेवटची चार-पाच पानं बाजूला काढून नाटक वाचायचं आणि ऐकणाऱ्यांना विचारायचं, काय झालं ते सांगा. त्यांनी नीट सांगितलं तर ती पानं लागत नाहीत, पडदा आधीच पाडावा. त्यांना सांगता आलं नाही तर दोष शेवटात शोधू नये. तो पहिल्या अंकात आहे, जिथे मुलाने मोबाइलवर सातबारा उघडायला हवा होता आणि लेखकाने ती बातमी शेवटच्या भाषणासाठी राखून ठेवली. परीक्षकांनीही संहितेच्या लेखनाचे गुण देताना याच जागेकडे पाहावं. नाटककाराने पात्राच्या तोंडी किती सुंदर वाक्यं घातली हे मोजणं सोपं असतं. विलासने आधार कार्ड मागितलं आणि हक्कसोडपत्र मागितलं नाही, ही कामगिरी नाटककाराची आहे, आणि तिचे गुण त्याला मिळाले पाहिजेत.